ताब्याआधी नळ बदलून घेताना : सांगलीच्या फ्लॅटच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आई-बाबांना आज विश्रामबागेतल्या इमारतीतला सॅम्पल फ्लॅट दाखवला. आपला चौथ्या मजल्यावर, ताबा डिसेंबरअखेर. आईने स्वयंपाकघर, बाल्कनी सगळे हौसेने पाहिले आणि शेवटी बाथरूममध्ये जाऊन नळाची मूठ फिरवून बघितली. फिरेना. मूठ गोल आणि गुळगुळीत, संधिवाताने वाकडी झालेली बोटे तिच्यावर नुसती घसरतात. साबणाच्या हाताने तर शक्यच नाही. "राहू दे गं, तू सकाळी बादली भरून देत जा," म्हणाली. बावीस वर्षे भाड्याच्या घरात काढून स्वतःच्या घरात तिने बादलीवर भागवावे, हे मला मान्य नाही.

रात्री करारनामा काढून बसले. फिटिंगची यादी मागच्या परिशिष्टात आहे. तिथे एका नामांकित कंपनीचे नाव आणि पुढे "किंवा समकक्ष". मालिका नाही, मॉडेल नाही. आईला लागतो तो लांब दांडीचा, मनगटाने किंवा कोपराने ढकलला तरी उघडणारा नळ. आत्ताच्या घरात जॅग्वारचे तसे नळ आहेत आणि ते तिला जमतात. म्हणून बिल्डरला पत्र लिहून कंपनी बदलून मागायची, असे ठरवले.

६ ऑगस्ट

आधी हक्क किती आणि विनंती किती, ते नीट समजून घेतले. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४ प्रमाणे, करारात ठरलेल्या फिटिंगमध्ये बिल्डरला आपल्या पूर्वसंमतीशिवाय बदल करता येत नाही. पण हे बंधन दोन्हीकडचे आहे. ठरलेली कंपनी आपल्याला नको झाली, म्हणून ती बदलून द्यायला तो बांधील नाही. त्यामुळे पत्राचा सूर मागणीचा ठेवून चालणार नाही, विनंतीचाच हवा. विनंती मान्य करणे त्याला सोपे जावे, इतकी ती नेमकीही हवी.

त्याच कलमात दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर तो बिल्डरने पदरच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. नळ बदलण्याच्या नादात ही जबाबदारी त्याच्या अंगावरून निसटू द्यायची नाही, हे वहीत वर लिहून ठेवले.

७ ऑगस्ट

पत्र लिहायच्या आधी साइटवर गेले, ते फार बरे झाले. घरी बसून लिहिले असते तर "दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघरातील सर्व फिटिंग बदलून मिळावे" असे एका ओळीत लिहून मोकळी झाले असते, आणि तेवढ्याच ओळीत नकार आला असता.

झाले असे आहे की आई-बाबांच्या बेडरूममधल्या बाथरूमला टाइल्स लागून झाल्यात. बाहेरच्या कॉमन बाथरूमची पाइपलाइन झाली आहे, पण भिंत उघडी आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या ग्रॅनाइटचे माप अजून घेतलेले नाही. म्हणजे एकाच घरात कामाच्या तीन वेगवेगळ्या अवस्था.

प्लंबर काकांनी मला टाइल्समधून बाहेर आलेले पिवळ्या प्लास्टिकचे झाकण दाखवले. त्याच्या मागे भिंतीत नळाची पितळी बॉडी गाडलेली असते. पाणी अडवणे-सोडणे तिथे होते. बाहेर दिसते ती फक्त मूठ आणि भिंतीलगतची चकती, तिला ते "वरचा सेट" म्हणतात. "बॉडी एकदा भिंतीत गेली की कंपनी ठरली बघा, ताई. एकाचा वरचा सेट दुसऱ्याच्या बॉडीवर बसत न्हाई. आतल्या दांड्याचे दातेच जुळत न्हाईत," असे ते म्हणाले.

मी विचारले, टाइल फोडून बॉडी बदलली तर? त्यांनी मान हलवली. गरम, गार आणि शॉवर अशा तीन जागी मिळून चार-पाच टाइल्स जातील, त्याच छटेच्या मिळतील याची खात्री नाही, आणि टाइलमागचे वॉटरप्रूफिंग तिथे तुटेल. त्या भिंतीपलीकडे बेडरूमचे कपाट येणार आहे. दोन पावसाळ्यांनी ओल आली तर बिल्डर सरळ म्हणेल, फोडाफोड तुमच्या सांगण्यावरून झाली. पाच वर्षांची जबाबदारी तिथेच संपली. त्यामुळे टाइल फोडायची नाही, हे साइटवरच पक्के केले.

पण मग ज्या बाथरूमसाठी हे सगळे चालू केले, नेमके आईचेच बाथरूम राहून जाणार. येताना रिक्षात फार वाईट वाटत होते.

९ ऑगस्ट

मार्ग सापडला. शंभर फुटी रस्त्यावरच्या सॅनिटरीच्या दुकानात गेले होते. बॉडीवरच्या शिक्क्याचा आणि कोडचा फोटो मोबाइलवर होता. दुकानदारांनी करारातल्या कंपनीचा कॅटलॉग उघडला आणि दाखवले की ही एकच बॉडी त्या कंपनीच्या अनेक मालिकांना चालते. गोल मुठीची मालिका वेगळी, दांडीची वेगळी, पण भिंतीतला भाग एकच. वरचा सेट तेवढा दांडीच्या मालिकेतला घ्यायचा. भिंतीला हातही लावायला नको.

मी इतके दिवस "कंपनी बदला" म्हणत होते आणि आईला हवी होती मूठ. टाइल्स लागलेल्या बाथरूममध्ये कंपनी तीच ठेवून मालिका बदलायची. भिंत उघडी आहे तिथे आणि ओट्यावर कंपनी बदलायची. पत्राचा सगळा सांगाडा त्या काउंटरवरच उभा राहिला.

भिंतीबाहेर राहणाऱ्या वस्तूंचे काम सोपे आहे. अँगल कॉक, वॉश बेसिनचा पिलर कॉक, हेल्थ फॉसेट, शॉवरचा आर्म, या सगळ्यांचे आटे अर्ध्या इंचाचे असतात आणि कोणत्याही कंपनीचे एकमेकांच्या जागी बसतात. म्हणून आईच्या बाथरूममध्येही बेसिनचा नळ आणि अँगल कॉक जॅग्वारचे घेता येतील.

कमोडही बदलावा असे बाबांच्या मनात होते. तो विचार सोडला. जमिनीवर बसणाऱ्या कमोडच्या ड्रेनेजचे तोंड भिंतीपासून ठराविक अंतरावर काढलेले असते. आपल्याकडे ते नऊ इंचांवर आहे. बाबांना आवडलेल्या मॉडेलला बारा इंच लागतात. ड्रेनेजची लाइन हलवायची म्हणजे खालच्या मजल्याच्या छतातून काम, त्यापेक्षा आहे तो कमोड चांगला आहे.

एक सल्ला दुकानदारांनी न विचारता दिला, तो लिहून ठेवते. मला मोठा, ताटाएवढा शॉवर आवडला होता. त्यांनी विचारले, वरची टाकी किती उंचावर? शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत साधारण सात मीटर भरतात. दहा मीटर उंचीला एक बार दाब धरतात, म्हणजे आपल्याला मिळणार जेमतेम ०.७ बार. ताटाएवढ्या शॉवरमधून एवढ्या दाबाने पाणी नुसते टपकते. लहान तोंडाचा घ्या म्हणाले. तो घेतला, आणि किंमतही कमी झाली.

११ ऑगस्ट

पहिला मसुदा लिहून बाबांना वाचायला दिला. बाबांनी नोकरीत तीस वर्षे टिपणे लिहिली आहेत. त्यांनी तीन ठिकाणी पेन्सिलने खूण केली.

"चांगल्या दर्जाचे फिटिंग" याखाली रेघ. चांगले कोणी ठरवायचे? कंपनी, मालिका, मॉडेलचा कोड आणि फिनिश लिही. क्रोमच्या ऐवजी दुसऱ्या फिनिशचा कोड पडला तर किंमत दुप्पटही होते.

"फरकाची रक्कम देण्यास तयार आहोत." फरक कशातून कशाचा वजा करून? ते लिहिलेच नाहीस.

"लवकरात लवकर कळवावे." तारीख टाक. भिंतीला टाइल्स लागायला घेतल्या की तुझ्या पत्राचा उपयोग संपला.

तिन्ही खुणा बरोबर होत्या. रात्री पुन्हा लिहिले.

एका गोष्टीवर बराच वेळ बोललो. सामान आपण विकत घेऊन द्यायचे की बिल्डरने आणायचे? आपण घेतले तर भाव आपल्या हातात राहतो. पण नळ गळला तर प्लंबर सामानाला दोष देणार, कंपनी बसवणाऱ्याला, आणि बिल्डर दोघांकडे बोट दाखवणार. त्यानेच आणून त्यानेच बसवले की जबाबदारी एकाच्याच गळ्यात राहते. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, सामान त्यानेच आणायचे.

१२ ऑगस्ट

पत्र दिले. ऑफिसात हातोहात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन. तेच ईमेलनेही पाठवले. मजकूर असा :

विषय : ताब्यापूर्वी बाथरूम व स्वयंपाकघरातील नळ-फिटिंगची कंपनी व मालिका बदलून मिळणेबाबत

महोदय,

आपल्या विश्रामबाग येथील इमारतीतील चौथ्या मजल्यावरील फ्लॅट आम्ही नोंदणीकृत करारनाम्याने घेतला आहे. करारनाम्याच्या परिशिष्टातील फिटिंगबाबत आमची तक्रार नाही. माझ्या आईला हाताचा संधिवात असून गोल मुठीचे नळ तिला फिरवता येत नाहीत, केवळ या कारणासाठी ही विनंती आहे.

७ ऑगस्ट रोजी साइटवर पाहिलेल्या कामाच्या स्थितीनुसार विनंती पुढीलप्रमाणे आहे.

बेडरूमलगतच्या बाथरूममध्ये टाइल्स लागलेल्या आहेत. तेथील भिंतीतील बॉडी आहे तशीच ठेवावी, काहीही फोडू नये. त्याच कंपनीचा दांडीच्या मुठीचा वरचा सेट त्याच बॉडीवर बसतो. त्याचे कोड सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. बेसिनचा पिलर कॉक आणि अँगल कॉक मात्र जॅग्वारचे बसवावेत.

कॉमन बाथरूमची भिंत उघडी आहे. तेथे टाइल्स लावण्यापूर्वी जॅग्वार कंपनीच्या फ्लोरेंटाइन मालिकेची, तक्त्यात दिलेली बॉडी बसवावी व बाहेरील सर्व फिटिंग त्याच मालिकेचे, क्रोम फिनिशमध्ये द्यावे.

स्वयंपाकघरात सिंकचा भिंतीवरील नळ दांडीच्या मुठीचा द्यावा. सिंक ३०४ ग्रेडच्या स्टीलचे, २४ बाय १८ इंच, ओट्याखालून बसणारे असावे. ग्रॅनाइट कापण्यापूर्वी प्रत्यक्ष सिंक साइटवर आणून त्यावरून माप घ्यावे.

करारातील व मागितलेल्या वस्तूंच्या छापील किमतींचा तक्ता सोबत जोडला आहे. आपणास मिळणारी सवलत दोन्ही बाजूंना सारखीच धरून जो फरक येईल, तो आम्ही चेकने देऊ. मजुरीत वाढ होत नाही, असे आपल्या प्लंबरकडून समजले. तसे नसल्यास आकडा लेखी कळवावा.

सामान आपणच खरेदी करून बसवावे. बदललेल्या फिटिंगलाही करारातील व कायद्यातील पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी लागू राहील, बिलाच्या प्रती व वॉरंटी कार्डे ताब्याच्या वेळी आम्हास मिळतील, आणि या बदलामुळे ताब्याची तारीख पुढे जाणार नाही, या तीन गोष्टी आपल्या उत्तरात नमूद कराव्यात. आमच्याकडून निवड किंवा रक्कम देण्यास उशीर झाल्यास तेवढ्या दिवसांची जबाबदारी आमची राहील.

कॉमन बाथरूमच्या टाइल्स सप्टेंबरमध्ये सुरू होणार असल्याचे समजले. तरी २५ ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर मिळावे. विनंती मान्य करणे शक्य नसल्यास करारातील फिटिंगप्रमाणेच काम सुरू ठेवावे, आमचे देय हप्ते त्यावर अवलंबून नाहीत.

आपली,
(सही)

शेवटचे वाक्य बाबांनी घालायला लावले. नळांवरून हप्ता अडवणार अशी शंका बिल्डरला आली, तर तो बोलणीच बंद करेल, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

१८ ऑगस्ट

ऑफिसातून फोन आला. बदल करून देतो, फरक २५,०६० रुपये. ऐकून पोटात गोळा आला. तक्त्यावर मी १२,५०० च्या आसपास धरले होते, तेही सवलतीआधी.

मागून घेतलेला हिशेब रात्री उलगडला. करारातल्या वस्तूंची छापील किंमत ३१,४०० रुपये. त्यावर त्यांनी आपली घाऊक ४० टक्के सवलत वजा करून १८,८४० रुपये आम्हाला परत धरले. मागितलेल्या वस्तूंची छापील किंमत ४३,९०० रुपये, ती मात्र पूर्ण लावली. ४३,९०० वजा १८,८४० म्हणजे २५,०६०. करारातल्या वस्तू त्यांनी खरेदीच्या भावाने मोजल्या आणि मागितलेल्या छापील भावाने.

मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, बहुतेक ऑफिसात असाच हिशेब करायची पद्धत असेल. पण वजाबाकी एकाच मापाच्या दोन आकड्यांची व्हायला हवी.

२० ऑगस्ट

स्वतः ऑफिसात जाऊन बसले. आवाज चढवला नाही. पत्रातले "सवलत दोन्ही बाजूंना सारखीच" हे वाक्य आणि खाली दोन ओळींचे गणित, एवढेच समोर ठेवले. खरेदीची बिले दाखवायला ते तयार नव्हते आणि मीही तो हट्ट धरला नाही. मी म्हटले, तुमची सवलत किती ते तुमच्यापाशी राहू द्या, साधा गिऱ्हाईक दुकानात गेला तर ३० टक्के मिळतात, दोन्हीकडे तेवढेच धरू. १२,५०० च्या फरकावर ३० टक्के वजा जाता ८,७५० रुपये. बिल्डर साहेबांनी तक्ता दोनदा पाहिला आणि आईची चौकशी केली. त्यांच्या आईलाही गुडघ्यांचा संधिवात आहे. ८,७५० वर होकार दिला.

२५ ऑगस्ट

लेटरहेडवर उत्तर आले. तक्ता जोडलेला आहे, रक्कम बरोबर आहे, पाच वर्षांची ओळ आहे. ताब्याच्या तारखेची ओळ मात्र गाळलेली होती. फोन करून विचारले तर "राहून गेली". दुपारी सुधारित पत्र घेतले, मगच चेक दिला. परवा चतुर्थी, आता दहा-बारा दिवस साइटवर कोणी नसणार.

९ सप्टेंबर

कॉमन बाथरूममध्ये बॉडी बसली. मी हजर होते आणि असायलाच हवे होते.

बॉडीवर खोलीच्या दोन रेघा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. टाइलचा तयार पृष्ठभाग या दोन रेघांच्या मध्ये आला पाहिजे. बॉडी फार आत गेली तर वरच्या सेटची चकती भिंतीला टेकते, पण मूठ दांड्यापर्यंत पोहोचत नाही. फार बाहेर राहिली तर चकती भिंतीपासून सुटी राहते आणि त्या फटीतून पाणी आत झिरपते. आत्ता समोर नुसती विटांची भिंत आहे. त्यावर प्लॅस्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइल, सगळे मिळून किती जाडी येणार ते आधी मोजावे लागते. काकांनी आईच्या बाथरूमच्या दाराच्या कडेला तयार जाडी मोजली. प्लॅस्टर वीटकामापासून १५ मिलीमीटर, त्यावर चिकट थर व टाइल मिळून १४. एकूण २९. त्या हिशेबाने लेव्हलची काच लावून बॉडी बसवली. गरम पाण्याची लाइन डाव्या हाताला आहे ना, तेही पाहून घेतले.

११ सप्टेंबर

दाबाची चाचणी. सगळ्या तोंडांना प्लग लावून हातपंपाने लाइनमध्ये सहा किलोचा दाब दिला. अर्ध्या तासात काटा पाचाच्या खाली आला. कुठेतरी गळती होती. कागदी रुमाल घेऊन एकेक जोड पुसत गेलो, तर गीझरच्या तोंडाच्या पितळी एल्बोपाशी रुमाल ओला झाला. नव्या बॉडीचा त्यात संबंध नव्हता. जुन्याच जोडाला टेफ्लॉन टेप कमी पडली होती. आटा उघडून पुन्हा बसवला, परत दाब दिला. दोन तास काटा जागचा हलला नाही. गेजचा फोटो वेळेसकट काढून साइट इंजिनिअरना पाठवला. टाइल्स लागल्यावर हीच गळती सापडली असती तर भिंत फोडल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि दोष नव्या कंपनीवर गेला असता.

२७ सप्टेंबर

सिंक साइटवर आले, मग ग्रॅनाइट कापला. खोक्यावर ३०४ आहे, बिलावरही. नळाचे नाक सिंकच्या मध्यापर्यंत येते का ते हातात धरून बघितले. दोन इंच अलीकडे पडत होते, भांडी घासताना पाणी कडेवर उडाले असते. दुकानातून लांब नाकाचा नळ बदलून आणला. किंमत तीच.

१४ नोव्हेंबर

वरचे सेट बसले. आईच्या बाथरूममधल्या दोन्ही मुठी त्याच जुन्या बॉडीवर घट्ट बसल्या आहेत, चकती भिंतीला चारी बाजूंनी टेकली आहे. सुरुवातीला पाण्यातून वाळू आली. काकांनी नळांच्या तोंडांच्या जाळ्या काढून पाच मिनिटे पाणी सोडले, मग जाळ्या परत लावल्या. इमारतीला महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचे पाणीही येणार आहे, त्यामुळे या जाळ्यांवर क्षार चढणार. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवायच्या, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

बिलांच्या प्रती मिळाल्या. वॉरंटी कार्डे चार मिळाली, स्वयंपाकघराच्या नळाचे यायचे आहे. ताब्याच्या यादीत ते लिहून सही घेतली.

आईला संध्याकाळी घेऊन गेले. तिने मनगटाने दांडी वर ढकलली, पाणी आले. खाली ढकलली, बंद झाले. मग गरम पाण्याचा नळही तसाच करून पाहिला.